एचडीएमआयवरून घेतलेल्या चित्रणातली फोकसची चौकट आणि बॅटरीचे चिन्ह कसे काढावे?

सावंतवाडीकर

आमच्या देवळाच्या जत्रेतला दशावतारी नाट्यप्रयोग मी या वर्षी सलग चित्रित केला. कॅमेरा कॅनन ६००डी आहे. कार्डावर चित्रण केले तर तो अर्ध्या तासाच्या आत थांबतो, आणि फाइल चार जीबीची झाली की ती त्याहूनही आधी तुटते. म्हणून एचडीएमआय केबल स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर डोंगलला जोडून लॅपटॉपवर ओबीएसमध्ये चित्रण घेतले. प्रयोग पूर्ण मिळाला आणि आवाजही चांगला आहे. मात्र चित्राच्या मध्यभागी फोकसची पांढरी चौकट आहे, आणि खाली डावीकडे बॅटरीचे चिन्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते. चौकट नेमकी रंगमंचावरच्या बाकड्यावर येते. राजा बाकड्यावर बसला की तिची वरची रेघ त्याच्या कपाळावरून जाते.

कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट होता, त्यामुळे चौकट जागची हलत नाही. मध्यंतरात बॅटरी बदलली तेव्हा मात्र कोणाचा तरी हात बटणावर पडला असावा, कारण उत्तरार्धात चौकट थोडी उजवीकडे सरकलेली आहे. पुन्हा चित्रण करणे शक्य नाही, कारण त्या संचातले ज्येष्ठ कलाकार आता रंगमंचावरून निवृत्त होत आहेत. हातात असलेल्या फाइलमधून ही चिन्हे काढता येतील का?

अटलांटा_अजय

हे मेनूमधून बंद करता येते. माझ्याकडे सोनी ए६००० आहे. त्यात एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये `HDMI Info. Display` असा पर्याय आहे, तो `Off` केला की बाहेर जाणाऱ्या चित्रात चौकट, बॅटरी, शटरचे आकडे यांपैकी काहीही राहत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे थेट प्रक्षेपण आम्ही याच पद्धतीने करतो. तुमच्या कॅमेऱ्यातही असा पर्याय कुठेतरी असणारच.

सावंतवाडीकर

अजयजी, धन्यवाद. चित्रण होऊन गेलेले आहे, माझा प्रश्न त्या फाइलबद्दल आहे. शिवाय ६००डीचा सगळा मेनू मी पाहिला, त्यात तसा पर्याय नाही.

दादरचा_दिनू

कॅननच्या या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकली की चौकट जाते, हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. झालेल्या चित्रणासाठी `ffmpeg` मध्ये `delogo` नावाचे फिल्टर आहे. वाहिन्यांचे बोधचिन्ह काढण्यासाठी लोक तेच वापरतात. चौकटीचा कोपरा आणि लांबी-रुंदी द्यायची, बाकीचे काम ते करते.

```
ffmpeg -i natak.mkv -vf "delogo=x=864:y=472:w=192:h=136" -c:a copy out.mkv
```

आकडे मी अंदाजाने लिहिले आहेत, तुमच्या फाइलप्रमाणे बदला.

मेघना_संकलन

दिनू यांनी फिल्टर योग्य सांगितले आहे, पण ते अशा पद्धतीने लावले तर चौकटीपेक्षा मोठे नुकसान होईल. `delogo` दिलेल्या आयताच्या आतले सगळे चित्र टाकून देते आणि आयताच्या कडेला लागून असलेल्या पिक्सेलांवरून आतला भाग नव्याने भरते. कडेच्या ज्या बाजूपासून अंतर कमी, तिचा प्रभाव अधिक, एवढाच त्याचा हिशेब आहे. १९२ बाय १३६ पिक्सेलांचा आयत दिला तर राजाचा चेहरा, बाकड्याची पाठ आणि मागचा पडदा यांच्या जागी एक धूसर डाग मिळेल, आणि कोणी पुढून गेले की तो डाग त्यांच्याबरोबर रंग बदलत राहील.

कॅमेऱ्याने झाकलेला भाग खरे तर फारच थोडा आहे. चौकटीच्या आतले चित्र शाबूत आहे, गेली आहे ती फक्त तिची रेघ. म्हणून चौकटीला एक वस्तू न समजता चार बारीक पट्ट्या समजावे. आठ पिक्सेल रुंदीची पट्टी भरताना फिल्टरला दोन्ही बाजूंनी जेमतेम चार पिक्सेल आत यावे लागते, आणि तेवढ्या अंतरात चित्र सहसा फारसे बदललेले नसते.

मॅन्युअल फोकसबद्दल: कॅननच्या या पिढीत लेन्स मॅन्युअलवर असली तरी तीच चौकट चित्र मोठे करून पाहण्यासाठी पडद्यावर राहते. फोकसची पद्धत चेहरा ओळखण्यावर ठेवली तर चेहरा सापडेपर्यंत ती दिसत नाही, पण रंगमंचावर चेहरे असणारच.

सावंतवाडीकर, एक फ्रेम पीएनजीमध्ये काढा, ती गिंपमध्ये चारशे टक्के मोठी करून पाहा, आणि रेघेच्या बाहेरच्या व आतल्या कडांचे नेमके आकडे इथे द्या. रेघेभोवती काही अंधुक ठिपके किंवा रंगाची झाक दिसते का, तेही सांगा.

सावंतवाडीकर

मोजले. चौकट आडवी ८६६ ते १०५३ आणि उभी ४७४ ते ६०५ या पिक्सेलांमध्ये आहे. दिनू यांचा अंदाज आश्चर्यकारकरीत्या जवळचा निघाला. रेघ चार पिक्सेल जाडीची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एक-दोन पिक्सेल करडी झाक दिसते, आणि पडद्याच्या लाल रंगावर ती अधिक जाणवते.

मेघना_संकलन

ती झाक अपेक्षित आहे. हे स्वस्त डोंगल पूर्ण एचडी चित्र एमजेपेग स्वरूपात लॅपटॉपकडे पाठवतात. त्या स्वरूपात चित्र आठ बाय आठ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत दाबले जाते, आणि पांढऱ्या रेघेसारखी तीव्र कड असली की त्याच ठोकळ्यातल्या शेजाऱ्यांवर तिचे तरंग उमटतात. रंगाची माहिती तर उजळपणापेक्षा कमी बारकाव्याने साठवलेली असते, म्हणून लाल पडद्यावर झाक अधिक दिसते. केवळ रेघेपुरती पट्टी घेतली तर पांढरी रेघ जाईल आणि तिची करडी सावली राहील. ती सावली दिसली तर पट्टी अपुरी आहे हे ओळखावे. दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेल वाढवा, म्हणजे आठची पट्टी होते. सुरुवातीचे आकडे सम ठेवा, कारण रंगाची जाळी दोन-दोन पिक्सेलांची असते.

आधी वीस सेकंदांचा तुकडा करून पाहा. ज्या प्रसंगात चौकटीखाली सर्वांत जास्त हालचाल आहे, तोच निवडा. स्थिर बाकड्यावर कोणतीही पद्धत चांगलीच दिसते.

दादरचा_दिनू

पट्ट्यांची कल्पना पटली. मी आकडेमोड करून देतो. वरची आणि खालची पट्टी पूर्ण रुंदीची, आणि उभ्या पट्ट्या त्या दोघींच्या मधल्या, म्हणजे कोपऱ्यात दुहेरी काम होणार नाही.

```
delogo=x=864:y=472:w=192:h=8,
delogo=x=864:y=600:w=192:h=8,
delogo=x=864:y=480:w=8:h=120,
delogo=x=1048:y=480:w=8:h=120
```

हे चारही एकाच ओळीत `-vf` नंतर अवतरणात लिहा.

सावंतवाडीकर

करून पाहिले. संकासूर नाचत पुढे येतो तो तुकडा घेतला. फरक फार मोठा आहे, रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या. पण चारही कोपऱ्यांत एकेक फिकट पांढरा ठिपका राहिला आहे, आणि काळ्या वेशावर तो लगेच डोळ्यांत भरतो. पट्टी दहाची केली तरी ठिपका गेला नाही, उलट थोडा पसरला.

मेघना_संकलन

हा दोष क्रमाचा आहे. वरची पट्टी भरली जाते तेव्हा उभ्या रेघा अजून चित्रात असतात. वरच्या पट्टीच्या खालच्या कडेला, डाव्या टोकाशी, उभ्या रेघेचे पांढरे पिक्सेल लागून आहेत. फिल्टर त्यांना खरे चित्र समजते आणि त्यांचा पांढरेपणा कोपऱ्यात ओढून घेते. पट्टी रुंद केल्याने तो फक्त लांबवर पसरतो.

आधी उभ्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या द्या. त्यांच्याही कोपऱ्यांत आडव्या रेघेचा पांढरेपणा येईल, पण तो कोपऱ्यांपुरताच राहील. नंतर आडव्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या द्या. त्या कोपरे पुन्हा भरतील, आणि त्या वेळी त्यांच्या चारही कडांना लागून एकही पांढरा पिक्सेल उरलेला नसेल. कोपऱ्यातले दुहेरी काम टाळायचे नाही, ते मुद्दाम करायचे आहे.

```
delogo=x=864:y=472:w=8:h=136,
delogo=x=1048:y=472:w=8:h=136,
delogo=x=864:y=472:w=192:h=8,
delogo=x=864:y=600:w=192:h=8
```

सावंतवाडीकर

ठिपके गेले. मेघनाताई, मनापासून आभार. घरच्यांना तुकडा दाखवला, तेव्हा चौकट कुठे होती हे कोणालाही सांगता आले नाही.

मात्र दोन गोष्टी राहिल्या. बॅटरीचे चिन्ह वेड्यावाकड्या आकाराचे आहे, ते पट्ट्यांत बसत नाही. आणि उत्तरार्धातली सरकलेली चौकट. ती ५४१२व्या सेकंदापासून नव्या जागी आहे. त्यासाठी फाइल तोडावी लागेल का?

प्राची_नाशिक

मध्येच लिहिते, कारण माझी अडचण याच जातीची आहे. मी गणिताची शिकवणी घेते आणि फळ्यावरचे तास एका जुन्या हॅंडीकॅमवरून एचडीएमआयने चित्रित केलेले आहेत. त्याच्या चित्रात खाली पूर्ण रुंदीची काळसर, अर्धपारदर्शक पट्टी आहे आणि तिच्यावर वेळ व बॅटरी येते. पट्टीखालून फळ्यावरची अक्षरे दिसतात, पण अंधुक. `delogo` लावले तर अक्षरेच जातील. चित्र खालून कापले तर समीकरणाची शेवटची ओळ जाते.

मेघना_संकलन

आधी सावंतवाडीकरांचे. फाइल तोडण्याची गरज नाही. प्रत्येक `delogo`ला कालमर्यादा देता येते. पूर्वार्धाच्या चार पट्ट्यांना पहिली अट लावा, उत्तरार्धाच्या नव्या आकड्यांच्या चार पट्ट्यांना दुसरी.

```
delogo=x=864:y=472:w=8:h=136:enable='lt(t,5412)',
delogo=x=...:enable='gte(t,5412)'
```

तुकडा तपासताना एक अडचण येईल. `-ss` हे `-i`च्या आधी लिहिले की घड्याळ शून्यापासून सुरू होते, त्यामुळे उत्तरार्धातल्या तुकड्यावरही पूर्वार्धाच्या पट्ट्या लागतील आणि चौकट तशीच राहिलेली दिसेल. चाचणीपुरती अट काढून टाका.

बॅटरीच्या चिन्हासाठी साचा लागेल, आणि तो मिळवण्याचा उत्तम मार्ग तुमच्या हाती आहे, कारण कॅमेरा तुमच्याकडेच आहे. कॅमेरा ही चिन्हे दर वेळी त्याच पिक्सेलांवर काढतो. कॅमेरा त्याच मोडमध्ये ठेवा, तोच डोंगल आणि ओबीएसची तीच सेटिंग ठेवा, लेन्सवर झाकण लावा आणि दहा सेकंद चित्रण घ्या. काळ्या पडद्यावर फक्त चिन्हे मिळतील. त्यातली एक फ्रेम काढा.

```
ffmpeg -ss 5 -i zakan.mkv -frames:v 1 sacha.png
```

गिंपमध्ये ती फ्रेम निव्वळ काळी-पांढरी करा, पांढऱ्या भागाची निवड दोन पिक्सेलांनी वाढवून तीही पांढरी भरा, आणि बॅटरीखेरीज बाकी सगळे काळे करून टाका. मग चौकटीच्या पट्ट्यांनंतर `removelogo=sacha.png` जोडा. साच्याचा आकार व्हिडिओइतकाच हवा. साच्यातून चिन्हाचा एखादा पिक्सेल जरी सुटला तरी त्याचा रंग भोवती पसरतो. साचा किंचित जास्त मोठा झाला तर तेवढे बिघडत नाही, थोडी धूसरता वाढते इतकेच. बॅटरी संपत आल्यावर चिन्ह बदलते, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांची फ्रेम घ्या आणि दोन्ही साचे एकावर एक ठेवून एक करा.

चित्राच्या कडांच्या काळ्या पट्ट्या कापून चित्र मोठे करणार असाल तर ते सर्वांत शेवटी करा. आधी मोठे केले तर रेघेच्या कडा पसरतात आणि मोजलेले आकडे निरुपयोगी होतात.

मेघना_संकलन

प्राची, तुमची स्थिती एका अर्थाने अधिक चांगली आहे. सावंतवाडीकरांच्या रेघेखालचे चित्र फाइलमध्ये नाहीच, तुमच्या पट्टीखालचे आहे, फक्त दबलेले आहे. ते किती दबले आहे हे मोजता आले तर उलट गुणाकार करून परत आणता येते. झाकण लावून एक चित्रण घ्या, आणि भरपूर उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर, चित्र पूर्ण पांढरे होईपर्यंत एक्स्पोजर वाढवून, दुसरे. पट्टीच्या आत आणि बाहेर उजळपणाची मूल्ये काय आहेत, ते सांगा. अक्षरांची जागा सोडून मोजा.

प्राची_नाशिक

झाकण लावल्यावर पट्टीत आणि बाहेर दोन्हीकडे १६. पांढऱ्या भिंतीवर बाहेर २३५ आणि पट्टीत १२६. पट्टी ९९०व्या ओळीपासून तळापर्यंत आहे.

मेघना_संकलन

आकडे स्वच्छ आहेत. काळे दोन्हीकडे १६च आहे, म्हणजे पट्टी निव्वळ काळी आहे, स्वतःचा उजेड मिसळत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे अंतर बाहेर २१९ आहे आणि पट्टीत ११०. पट्टी अर्धा उजेड अडवते. म्हणून पट्टीतल्या प्रत्येक पिक्सेलाचे काळ्यापासूनचे अंतर दुप्पट करायचे, आणि रंगाचे त्याच्या मध्यापासूनचे, म्हणजे १२८पासूनचे अंतरही दुप्पट करायचे. हे `-filter_complex` मध्ये द्या.

```
split[a][b];
[b]crop=1920:90:0:990,lutyuv=y='(val-16)*2+16':u='(val-128)*2+128':v='(val-128)*2+128'[c];
[a][c]overlay=0:990
```

पट्टीवरची वेळ आणि बॅटरी अपारदर्शक आहेत, त्यांच्याखालचे परत येणार नाही. ती याच्यानंतर साच्याने काढा. वेळेचे आकडे बदलत राहतात, म्हणून साच्यात सगळ्या आकड्यांची पूर्ण जागा पांढरी करावी लागेल.

याची मर्यादाही सांगते. अंतर दुप्पट केले की चित्रातला दाणाही दुप्पट होतो, आणि उजळपणाच्या पायऱ्या अर्ध्याच उरलेल्या असल्यामुळे सपाट पृष्ठभागावर पट्टे दिसू शकतात. ९० टक्के उजेड अडवणाऱ्या पट्टीवर हाच हिशेब दहापटीचा होतो, तिथे हाती काही लागत नाही. निम्म्यावर मात्र फळा वाचता यायला हवा.

प्राची_नाशिक

फळा वाचता येतो! शेवटच्या ओळीतले वर्गमूळाचे चिन्हसुद्धा स्पष्ट आहे. हिरव्या फळ्यावर दाणा वाढलेला दिसतो, पण विद्यार्थ्यांना त्याने अडचण होणार नाही. पट्टी जिथे सुरू होते तिथे एक बारीक आडवी रेघ मात्र राहते.

मेघना_संकलन

९९० ला आठने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे तुमचेही चित्र एमजेपेगमधून आले असेल तर पट्टीची कड एका ठोकळ्याच्या मधूनच जाते आणि त्या ठोकळ्यात दोन्ही बाजूंची मूल्ये मिसळतात. त्या कडेवर चार पिक्सेल उंचीची `delogo` पट्टी द्या, पण `x=1` आणि `w=1918` ठेवा, कारण आयत फ्रेमच्या कडेला चिकटला की हे फिल्टर काम नाकारते.

विनायक_पुराभिलेख

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण एक विनंती आहे. सावंतवाडीकरांचे चित्रण लोककलेचा दस्तऐवज आहे. मूळ फाइल कोणत्याही परिस्थितीत पुसू नका, आणि शुद्ध केलेल्या प्रतीसोबत कोणत्या पिक्सेलांवर काय भरले याची कमांड जशीच्या तशी जपून ठेवा. उद्या कोणी वेशभूषेचा किंवा रंगभूषेचा अभ्यास करताना राजाच्या कपाळावरचा टिळा या चित्रणावरून पाहू लागला, तर तिथली आठ पिक्सेलांची पट्टी कॅमेऱ्याने टिपलेली नसून गणिताने भरलेली आहे हे त्याला कळले पाहिजे. माझ्या मते अभ्यासासाठी चौकट असलेली प्रतच द्यावी.

सावंतवाडीकर

मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवली आहे, आणि कमांड मजकूर फाइलमध्ये तिच्या शेजारी ठेवतो. मात्र संचातल्या मंडळींना आणि गावाला मी चौकटीशिवायचीच प्रत देणार आहे. आपले काम त्या चौकटीतून पाहावे लागू नये, असे मला वाटते.

टिळ्याचा मुद्दा मात्र खरा निघाला. राजा बाकड्यावर बसून बोलतो त्या लांब प्रसंगात वरची पट्टी टिळ्यावर येते. तो मान हलवतो तेव्हा टिळा पट्टीखाली गेला की किंचित वितळल्यासारखा दिसतो आणि बाहेर आला की पुन्हा रेखीव होतो. जरीच्या काठावरही तसेच होते. याला काही उपाय आहे का?

दादरचा_दिनू

दाविंची रिझॉल्व्हच्या पैसे देऊन मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत वस्तू काढून टाकण्याचे साधन आहे, ते शेजारच्या फ्रेममधून खरे चित्र उचलते. टिळा आधीच्या फ्रेममध्ये रेघेबाहेर असेल तर तिथून तो मिळेल.

मेघना_संकलन

तत्त्व बरोबर आहे, पण शेजारच्या फ्रेममधून चित्र तेव्हाच मिळते जेव्हा रेघ आणि तिच्याखालची वस्तू एकमेकांच्या सापेक्ष हलतात. इथे कॅमेराही स्थिर आहे आणि चौकटही. बाकडे आणि पडदा यांचा रेघेखालचा भाग पूर्वार्धभर एकदाही उघडा पडलेला नाही, त्यामुळे तिथे हे साधनसुद्धा अंदाजच करेल. उत्तरार्धात चौकट उजवीकडे सरकली आहे, तेव्हा पूर्वार्धातल्या उभ्या रेघांखालचा भाग उत्तरार्धात उघडा आहे, आडव्या रेघांखालचा बहुतेक भाग मात्र झाकलेलाच राहतो. बाकडे तिथेच असेल आणि उजेड बदललेला नसेल, तर रिकाम्या रंगमंचाची एक फ्रेम उत्तरार्धातून घेऊन पूर्वार्धाच्या उभ्या पट्ट्यांमागे ठेवता येईल.

टिळ्यासाठी मात्र मान हलते हे आपल्या फायद्याचे आहे. त्या एका प्रसंगापुरता तुकडा वेगळा काढून दिनू म्हणतात ते साधन लावून पाहा. मान फार हळू हलत असेल तर टिळा कित्येक फ्रेम रेघेखालीच राहील, आणि मग त्याचा परिणाम पट्टीपेक्षा चांगला होईलच असे मी सांगू शकत नाही.

आणि पुढच्या जत्रेआधी, ६००डीवर मॅजिक लॅंटर्न चालते. ते कार्डावरून सुरू होणारे, स्वयंसेवकांनी लिहिलेले जोड-सॉफ्टवेअर आहे. त्यात `Clear overlays` हा पर्याय आहे. तो लावून, डोंगल जोडून, घरी पूर्ण लांबीचे चाचणी-चित्रण करून पाहा. कॅमेरा उत्पादकाचा त्याला पाठिंबा नाही, तेव्हा ते बसवायचे की नाही हा निर्णय तुमचा.

अटलांटा_अजय

ही सगळी चर्चा वाचल्यावर आमच्या मंडळाचे जुने चित्रण पुन्हा उघडले. ते सोनी घेण्यापूर्वीचे आहे आणि त्यात चौकट चेहऱ्याच्या मागे मागे फिरते. फिरत्या चौकटीला पट्ट्या कशा लावायच्या?

मेघना_संकलन

स्थिर आकड्यांनी ते होणार नाही. प्रत्येक फ्रेममध्ये चौकट शोधून तिचा साचा त्या फ्रेमपुरता बनवावा लागेल. चौकट फिरते म्हणजे तिच्याखालचे चित्र शेजारच्या फ्रेममध्ये उघडे पडते, हे मात्र तुमच्या बाजूने आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि त्यात वीस सेकंदांचा मूळ तुकडा, पुन्हा दाबलेला नव्हे, जोडा.

सावंतवाडीकर

टिळ्याचा प्रसंग रविवारी रिझॉल्व्हमध्ये करून पाहतो. मित्राकडे स्टुडिओ आवृत्ती आहे. पट्टीचा आणि त्याचा असे दोन्ही तुकडे इथे लावेन.